आधी लिमिट आहे हे सिद्ध करा, मग ती शोधा

मागच्या पदावरून पुढचे पद देणारे सूत्र समोर असते आणि लिमिट विचारलेली असते. उदाहरणार्थ

a₁ = 2, aₙ₊₁ = (aₙ² + 3)/4

बहुतेक जण पहिल्याच ओळीत दोन्हीकडे L ठेवतात. L = (L² + 3)/4, म्हणजे L² − 4L + 3 = 0, म्हणजे L = 1 किंवा L = 3. इथे पहिली अडचण येते: दोनांपैकी कोणते? आणि दुसरी अडचण याहून मोठी आहे, पण ती दिसत नाही. सूत्र तेच ठेवून a₁ = 4 घ्या. समीकरण अजिबात बदलत नाही, उत्तरेही तीच येतात, 1 किंवा 3. पण पदे मोजली तर 4, मग 4.75, मग 6.39, मग 10.96 अशी ती सुटत जातात. इथे लिमिटच नाही, आणि समीकरणाला त्याचा पत्ताही नाही.

त्याचे कारण साधे आहे. दोन्हीकडे L लिहिताना आपण L नावाची एक संख्या अस्तित्वात आहे हे गृहीत धरलेले असते. त्या समीकरणाचा खरा अर्थ एवढाच, की लिमिट असेल तर ती या दोनांपैकी एक असेल. "असेल तर" हा भाग वेगळा सिद्ध करावा लागतो, आणि या प्रकारच्या गणितात खरे काम तिथेच आहे.

ते काम ज्या प्रमेयावर उभे आहे ते असे: क्रमिका सतत घटत असेल आणि कुठल्याही पदाला एका ठरावीक संख्येच्या खाली जाता येत नसेल, तर तिला लिमिट असतेच. तसेच सतत वाढणारी आणि वरून अडवलेली क्रमिकाही. वर्गात यालाच मोनोटोन आणि बाउंडेड म्हणतात. मी इथे घटती, वाढती आणि बद्ध असे शब्द वापरतो.

हे का खरे आहे ते एकदा पाहून ठेवावे, कारण सिद्धता चार ओळींची आहे. घटत्या क्रमिकेच्या ज्या ज्या खालच्या मर्यादा असतील त्यांतली सर्वांत मोठी m समजा. आता कितीही लहान धन संख्या ε घ्या. m + ε ही m पेक्षा मोठी असल्याने ती खालची मर्यादा असू शकत नाही, म्हणजे एखादे पद तिच्या खाली गेलेले आहे. क्रमिका घटती असल्याने त्यानंतरचे प्रत्येक पदही तिच्या खालीच राहते, आणि m च्या खाली तर कोणी जात नाही. म्हणजे त्या पदापासून पुढे सगळी पदे m आणि m + ε यांच्या मध्ये अडकली. लिमिट m आहे, याचा अर्थ नेमका हाच.

या सिद्धतेत एक गोष्ट हळूच वापरली: खालच्या मर्यादांमध्ये सर्वांत मोठी अशी एक असतेच. वास्तव संख्यांमध्ये ती असते, पण नुसत्या परिमेय संख्यांमध्ये तसे नाही. रिचर्ड डेडेकिंड १८५८ साली झुरिचला कलनशास्त्र शिकवत होता. सतत वाढणाऱ्या पण अडवलेल्या राशीला लिमिट असते हे आकृती काढून पटवावे लागते, याची त्याला टोचणी लागली, आणि त्यातून वास्तव संख्यांची त्याची प्रसिद्ध रचना निघाली. ती छापली गेली १८७२ मध्ये. तेव्हा हे विधान उघडच आहे असे वाटत असेल, तर तो आकृतीचा प्रभाव समजा.

आता वरचे उदाहरण a₁ = 2 घेऊन पूर्ण सोडवू.

पहिली पायरी: कच्चे काम

हे उत्तरपत्रिकेत लिहायचे नाही, पण याशिवाय पुढे काय सिद्ध करायचे तेच कळत नाही. आधी काही पदे मोजा: 2, 1.75, 1.5156, 1.3243, 1.1884, 1.1031. घटताना दिसतात. मग L चे समीकरण सोडवा. इथे ते अगदी योग्य आहे, कारण आपण अजून काही दावा करत नाही, फक्त अंदाज घेतो आहोत. मुळे 1 आणि 3. पदे 2 पासून निघून खाली चालली आहेत, तेव्हा ती 1 कडे जात असावीत आणि 1 च्या खाली जात नसावीत.

यानंतर एक फरक काढून ठेवा, सगळ्या गणितात तोच कामाला येतो:

aₙ₊₁ − aₙ = (aₙ² − 4aₙ + 3)/4 = (aₙ − 1)(aₙ − 3)/4

अवयव पाडल्यावर L ची मुळेच समोर येतात, आणि यात योगायोग काही नाही. पुढचे पद मागच्याइतकेच राहील अशा जागा म्हणजेच ती मुळे. त्यांना स्थिर बिंदू म्हणतात. या दोन बिंदूंच्या मध्ये पद असेल तर एक अवयव धन, दुसरा ऋण, म्हणून गुणाकार ऋण आणि पुढचे पद लहान. बाहेर असेल तर पुढचे पद मोठे. म्हणजे आपल्याला काय सिद्ध करायला हवे ते कळले: सगळी पदे 1 आणि 3 यांच्या मध्ये राहतात.

दुसरी पायरी: बद्धता, इंडक्शनने

दावा: प्रत्येक n साठी 1 < aₙ < 3.

n = 1 साठी a₁ = 2, दावा खरा. आता एखाद्या n साठी 1 < aₙ < 3 आहे असे माना. सगळ्या संख्या धन असल्याने वर्ग केला तरी क्रम टिकतो: 1 < aₙ² < 9. तिन्हीकडे 3 मिळवा आणि 4 ने भागा: 1 < (aₙ² + 3)/4 < 3. मधली राशी म्हणजेच aₙ₊₁. झाले.

मर्यादा चुकीची निवडली तर इंडक्शन स्वतःच ओरडते. समजा तुम्हाला वाटले की aₙ > 1.1 सिद्ध करावे. पहिली सहा पदे मोजून पाहिली तर ते खरेच वाटेल. पण aₙ > 1.1 वरून aₙ₊₁ बद्दल एवढेच निघते की तो (1.21 + 3)/4 = 1.0525 पेक्षा मोठा आहे. हवे होते 1.1, मिळाले त्याहून कमी. असे झाले की बीजगणित पुन्हा पुन्हा तपासण्यापेक्षा मर्यादेवर संशय घ्यावा. इथे सातवे पद 1.0542 आहे, म्हणजे दावाच खोटा होता. उलट स्थिर बिंदू हीच मर्यादा घेतली की इंडक्शनची पायरी बहुधा बरोबर जुळते, कारण सूत्र त्या संख्येला जागेवरच ठेवते.

मर्यादा अगदी अचूक असायला हवी असा मात्र नियम नाही. केवळ लिमिट आहे एवढे दाखवायला aₙ > 0 हीदेखील खालची मर्यादा चालली असती, आणि ती तर सूत्राकडे पाहूनच दिसते. आपण 1 आणि 3 घेतले ते पुढच्या पायरीत चिन्ह ठरवण्यासाठी.

तिसरी पायरी: घटती आहे हे दाखवणे

फरक आधीच काढलेला आहे. 1 < aₙ < 3 असल्याने aₙ − 1 धन आणि aₙ − 3 ऋण, म्हणून aₙ₊₁ − aₙ < 0. क्रमिका घटती आहे.

एका ओळीत झाले, कारण दुसरी पायरी आधी केली. हा क्रम उलटा केला की अनेकदा वर्तुळात फिरणे होते. "घटती आहे म्हणून सगळी पदे 3 पेक्षा लहान, आणि 3 पेक्षा लहान आहेत म्हणून घटती" अशी वाक्ये कागदावर वाटतात त्याहून सहज लिहिली जातात, विशेषतः दोन वाक्यांमध्ये अर्धे पान गेलेले असेल तर. आपल्या लिखाणातल्या प्रत्येक "म्हणून"च्या मागे जे विधान आहे ते आधी सिद्ध झाले आहे का, हे बोट ठेवून पाहावे.

अवयव पाडणे अवघड असेल तर दुसरी वाट आहे. लगतच्या दोन फरकांची तुलना करा:

aₙ₊₂ − aₙ₊₁ = (aₙ₊₁² − aₙ²)/4 = (aₙ₊₁ − aₙ)(aₙ₊₁ + aₙ)/4

पदे धन आहेत, म्हणून बेरजेचा अवयव धन. तेव्हा प्रत्येक फरकाचे चिन्ह आधीच्या फरकासारखेच. पहिला फरक 1.75 − 2 ऋण आहे, म्हणून पुढचे सगळे ऋण. वर्गमुळाच्या सूत्रांना ही वाट फार सोयीची पडते, आणि ती सर्वसाधारणपणेही खरी आहे: aₙ₊₁ = f(aₙ) असेल, पदे ज्या पट्ट्यात राहतात तिथे f वाढते फलन असेल, तर पहिल्या दोन पदांचा क्रम शेवटपर्यंत टिकतो.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. f वाढते आहे म्हणजे क्रमिका वाढती आहे, असे मुळीच नाही. आपले f(x) = (x² + 3)/4 धन x साठी वाढतेच आहे, आणि क्रमिका मात्र घटते आहे. f च्या वाढतेपणाने दिशा टिकते. दिशा कोणती ते a₁ आणि a₂ ठरवतात. f चे विकलज काढून "धन आहे, म्हणून क्रमिका वाढती" असे लिहिणाऱ्याने दोन पदे मोजली असती तरी चूक दिसली असती.

चौथी पायरी: आता L

क्रमिका घटती आणि खालून बद्ध, म्हणून प्रमेयाने तिला लिमिट आहे. तिला L म्हणा. आता, आणि आत्ताच, दोन्हीकडे L ठेवायचा हक्क मिळाला. aₙ₊₁ ही क्रमिका म्हणजे aₙ चीच पहिले पद गाळलेली क्रमिका, म्हणून तिचीही लिमिट L. उजवीकडे aₙ² ची लिमिट L², म्हणून (aₙ² + 3)/4 ची लिमिट (L² + 3)/4. दोन्ही बाजू समान, म्हणून L = 1 किंवा L = 3.

उजव्या बाजूचे वाक्य गाळू नये. तिथे f सलग आहे ही गोष्ट वापरली जाते. बहुपदी, वर्गमुळे, छेद शून्य न होणारे भागाकार यांच्यासाठी ती सहज मिळते, पण सूत्रात पूर्णांक भाग किंवा तुकड्यातुकड्यांनी दिलेले फलन आले तर ती नसेलही, आणि मग L चे समीकरणच खोटे ठरू शकते.

पाचवी पायरी: मूळ निवडणे

क्रमिका घटती असल्याने सगळी पदे a₁ = 2 इतकी किंवा त्याहून लहान. म्हणून L ≤ 2. म्हणून 3 बाद, आणि L = 1.

ही निवड चुकवण्याचा एक ठरलेला मार्ग आहे. "प्रत्येक aₙ > 1, म्हणून L > 1, म्हणून L = 3." दिसायला तर्क शुद्ध आहे, पण लिमिट घेताना < चे ≤ होते. सगळी पदे 1 च्या काटेकोर वर असूनही लिमिट 1 असू शकते, किंबहुना इथे तेच घडते आहे. aₙ > 1 वरून फक्त L ≥ 1 मिळते. पदांची असमानता लिमिटवर नेताना बरोबरीची शक्यता नेहमी उघडी ठेवायची.

उत्तराची खातरजमा हवी असेल तर aₙ₊₁ − 1 = (aₙ − 1)(aₙ + 1)/4 पाहा. पदे 1 जवळ आली की (aₙ + 1)/4 जवळजवळ अर्धा होतो, म्हणजे 1 पासूनचे अंतर दर पायरीला साधारण निम्मे व्हायला हवे. सहाव्या पदाचे अंतर 0.1031, सातव्याचे 0.0542. जुळते.

सुरुवात बदलली तर

सूत्र तेच ठेवून a₁ फिरवून पाहणे हा या गणितातला सर्वांत चांगला सराव आहे. a₁ = 0 घेतले तर पदे 0, 0.75, 0.8906 अशी वाढतात. 0 ≤ aₙ < 1 हे इंडक्शनने येते, दोन्ही अवयव ऋण, गुणाकार धन, क्रमिका वाढती, आणि लिमिट पुन्हा 1. a₁ = 3 घेतले तर प्रत्येक पद 3. a₁ = −2 घेतले तर वर्गामुळे दुसरे पद 1.75, आणि तिथून पुढे सगळे आपल्या सोडवलेल्या गणितासारखेच. पहिली एकदोन पदे वेगळ्या दिशेने गेली तरी बिघडत नाही. क्रमिका एखाद्या पदापासून पुढे मोनोटोन असली की पुरते, फक्त तसे स्पष्ट लिहावे.

आणि a₁ = 4? इथे aₙ > 3 टिकते, म्हणून क्रमिका वाढती. आता समजा ती वरून बद्ध आहे. मग तिला लिमिट असेल, ती 1 किंवा 3 असेल, पण सगळी पदे 4 किंवा त्याहून मोठी असल्याने लिमिटही निदान 4 असेल. विरोध. म्हणून ती बद्ध नाही, आणि वाढती असल्याने अनंताकडे जाते. प्रमेय असे उलट्या बाजूनेही वापरता येते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

हीच युक्ती a₁ = 1, aₙ₊₁ = aₙ + 1/aₙ या क्रमिकेवर करून पाहा. वाढ दर पायरीला कमी होत जाते, त्यामुळे ती कुठेतरी थांबेल असे वाटते. पण लिमिट L असती तर L = L + 1/L, म्हणजे 1/L = 0, जे अशक्य. म्हणून ती वरून बद्ध नाही. थेट पाहायचे तर वर्ग करा: aₙ₊₁² = aₙ² + 2 + 1/aₙ², म्हणजे वर्ग दर पायरीला 2 पेक्षा जास्त वाढतो, आणि शंभरावे पद √199 च्या, म्हणजे 14 च्या पलीकडे गेलेले असते. पायऱ्या लहान होत जातात एवढ्यावरून बद्धता कधीच निघत नाही.

मोनोटोन नसेलच तर

a₁ = 2, aₙ₊₁ = 2/(1 + aₙ). पदे 2, 2/3, 6/5, 10/11, 22/21. एकदा 1 च्या वर, एकदा खाली. हे f घटते असल्याचे लक्षण: क्रमिका दर पायरीला स्थिर बिंदू ओलांडते. मोनोटोन आहे असे सिद्ध करण्याच्या खटपटीत इथे वेळ घालवू नये, कारण ती नाहीच. त्याऐवजी एक सोडून एक पदे पाहावीत. सूत्र दोनदा लावले की

aₙ₊₂ = 2(1 + aₙ)/(3 + aₙ)

आणि यातून दोन गोष्टी मिळतात:

aₙ₊₂ − 1 = (aₙ − 1)/(3 + aₙ)

aₙ₊₂ − aₙ = −(aₙ − 1)(aₙ + 2)/(3 + aₙ)

पदे धन आहेत. पहिली ओळ सांगते की विषम क्रमांकाची पदे कायम 1 च्या वर आणि सम क्रमांकाची कायम खाली. दुसरी सांगते की 1 च्या वरची घटतात आणि खालची वाढतात. म्हणजे दोन स्वतंत्र मोनोटोन, बद्ध क्रमिका मिळाल्या. प्रत्येकीला आपली लिमिट आहे, आणि वरच्या पाच पायऱ्या प्रत्येकीला जशाच्या तशा लागू पडतात. लिमिटचे समीकरण मात्र आता दोनदा लावलेल्या सूत्राचे: L(3 + L) = 2 + 2L, म्हणजे L² + L − 2 = 0, म्हणजे L = 1 किंवा −2. पदे धन, म्हणून दोघींची लिमिट 1, आणि म्हणून पूर्ण क्रमिकेचीही 1.

दोघींची लिमिट एकच निघाली हे तपासणे इथे औपचारिक नाही. a₁ = 1, aₙ₊₁ = 2/aₙ घ्या. पदे 1, 2, 1, 2. विषम पदांची लिमिट 1, सम पदांची 2, आणि L = 2/L सोडवले तर येते √2, ज्याच्या जवळ ही क्रमिका कधी फिरकतसुद्धा नाही. सूत्र दोनदा लावले तर aₙ₊₂ = aₙ मिळते, आणि L चे समीकरण L = L असे होते. कुठलीही संख्या त्यात बसते, म्हणून ते काहीच सांगत नाही.